न येण्याचें खरें कारण

गेल्या वैशाखांत वडनेर येथील आमच्या मंडळींतील एक बंधु हातांत चिठी घेऊन आमच्याकडे आला. बोर्डिंगांत त्याच्यासंगें शिकलेल्या मित्राच्या मुलीचें लग्न आर्वीकडील एका गांवीं ठरलें होतें आणि त्याला आग्रहाचें बोलावणें आलें होतें. जाणें होणार नव्हतें. म्हणून त्यानें उत्तर लिहिलें होतें, व तेवढें शुद्धलेखन आम्हीं पाहून द्यावें अशी त्याची विनंती होती. उत्तर चार ओळींचें होतें. आठ दिवसांपासून तापानें अंथरुणास खिळलों आहें, सबब येतां येत नाहीं, क्षमा असावी, असा मजकूर.

मनुष्य तर आमच्यापुढें धडधाकट उभा होता. नुकताच शेतांतून आला होता. आम्हीं विचारिलें, "ताप कोणास आला आहे?" तो ओशाळून हंसला. म्हणाला, "ताप कोणासच नाहीं, पाळकसाहेब. पण कांहीं तरी लिहावें लागतेंच कीं नाहीं? त्यांचें मन दुखूं नये एवढ्यासाठीं लिहिलें."

आम्हीं त्यास बसविलें. बोलतां बोलतां खरी गोष्ट निघाली. तीन वर्षांपूर्वीं त्याच्या मुलीच्या लग्नांत ह्याच मित्रानें लुगडें आणि पितळेचा गुंड आणिला होता. आहेराच्या वहींत तें नांवानिशीं लिहिलेलें आहे. घेतलेल्या आहेराची परतफेड तेवढ्यानें तरी व्हावी ही आपल्याकडील रीत वाचकांस ठाऊकच आहे. परंतु यंदा कापसाचा पैसा आला तो कर्जांत गेला, आणि घरांत पेरणीच्या बियाण्यापुरतें जें उरलें तें मोडून लुगडें घेणें शहाणपणाचें नव्हतें. रिकाम्या हातानें मांडवांत जावयास मन घेत नव्हतें. एवढेंच कारण होतें, आणि त्यांत पाप कांहींच नव्हतें. तरी पत्रांत लिहावयास त्याला गरिबीपेक्षां ताप बरा वाटला.

आम्हांला प्रश्न पडला तो हा, कीं दुसऱ्याचें मन राखण्यासाठीं सांगितलेलें खोटें कारण हें प्रीतीचें कृत्य आहे काय? बहुतेकांस तसें वाटतें. आम्हांसही तरुणपणीं वाटत असे, व तशा दोन-चार चिठ्या आमच्या हातूनही गेल्या आहेत.

पहिली गोष्ट ही, कीं खेड्यांत आजार सांगून बोलणें संपत नाहीं, तेथूनच तें सुरू होतें. मित्र खरा असेल तर मांडवाच्या गर्दींतही तो विचारील, कोणता ताप, औषध कोणाचें? लग्न आटोपल्यावर तो स्वतः पाहावयास येईल, नाहीं तर मुलास पाठवील. मग बायकोला सांगून ठेवावें लागेल, पोरांना पढवावें लागेल, आणि आर्वीकडे जाणारा कोणी वडनेरकर भेटला तर त्याचेंही तोंड धरावें लागेल. आपल्या पत्राप्रमाणें घरांतल्या कोणाकोणाला बोलावयास शिकवावें लागेल हें मोजून पाहावें. खोटेपणाची परीक्षा तेथेंच होते. शिवाय ज्या मनाला दुखवूं नये म्हणून हें सारें केलें, त्याच मनाला ऐन लग्नांत फुकटची काळजी लावून दिली.

लूककृत शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायांतील मोठ्या जेवणाचा दृष्टांत येथें आठवतो. निमंत्रण अगोदर दिलेलें होतें, आणि जेवण तयार झाल्यावर दास पुनः बोलावूं गेला तेव्हां सबबी निघाल्या. एकानें शेत विकत घेतलें होतें, तें पाहावयाचें होतें. दुसऱ्यानें बैलांच्या पांच जोड्या घेतल्या होत्या, त्या पारखावयाच्या होत्या. आमच्या कास्तकार वाचकांस ह्या सबबी समजावून सांगणें नको. शेत घेण्याआधीं पाहतात, आणि बैल दाम मोजण्यापूर्वीं जुंपून पाहतात. आणि जरी राहिलें असलें तरी शेत एका रात्रींत पळून जात नाहीं. तिसऱ्यानें बायको केली म्हणून येतां येत नाहीं असें सांगितलें, व पहिल्या दोघांनीं निदान क्षमा मागितली तीही त्यानें मागितली नाहीं. नव्या नवऱ्याला नियमशास्त्रानें एक वर्ष लढाईवर जाण्याची सूट दिली होती, जेवणाची नव्हे. घरधनी रागावला ह्याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. ह्या कारणांनीं त्याला एकच गोष्ट कळली, कीं ह्यांना यावयाचेंच नव्हतें. अन्न शिजल्यावर कळविलें हा अपराध वेगळाच. पंगतीचें धान्य मोजून काढण्यापूर्वीं यजमानाला कळलें पाहिजे. न येण्याचें पत्र लिहितांना संकोचानें जे आठ दिवस आपण दवडतों त्यांचा खर्च त्याच्या अंगावर पडतो.

मग खरें कारण सांगून नकार देतां येतो काय, आणि नातें टिकतें काय? ह्याचें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत घडलेलें आहे. वडनेरहून हिंगणघाटावरून वर्ध्यास गेलें कीं पुढें थोड्याच अंतरावर सेवाग्राम आहे. गांधीजी 1936 सालीं तेथें राहावयास आले, तेव्हां त्या गांवाचें नांव शेगांव होतें. लग्नांविषयीं त्यांचे विचार हळूहळू बदलत गेले, आणि अखेरीस त्यांनीं असा नेम केला, कीं वधूवरांपैकीं एक जण ज्यांस तेव्हां अस्पृश्य म्हणत त्या समाजांतील असेल त्याच लग्नास आपण जावयाचें. सेवाग्राम आश्रमांतही दुसऱ्या प्रकारचें लग्न लागावयाचें नाहीं, असें त्यांनीं 1946 सालीं जाहीर केलें.

महादेवभाई देसाई हे 1917 पासून त्यांचे चिटणीस. 1942 च्या आगस्टांत पुण्यास आगाखान महालांतील बंदिवासांत ते वारले. गांधीजींना ते पुत्रासारखे होते, व त्यांचा मुलगा नारायण आश्रमांतच वाढला. त्याचें लग्न ठरलें तें ओरिसांतील नवकृष्ण चौधरी यांची कन्या उत्तरा हिच्याशीं. प्रांत निराळे, जात निराळी. दुसऱ्या कोणाच्याही दृष्टीनें हें सुधारणेचेंच लग्न होतें. परंतु दोघांपैकीं कोणीही अस्पृश्य मानलेल्या समाजांतील नव्हतें, म्हणून गांधीजी लग्नास गेले नाहींत. त्यांनीं आशीर्वाद पाठविला.

काम पुष्कळ आहे किंवा प्रकृति बरी नाहीं असें सांगणें त्यांना किती सोपें होतें, ह्याचा वाचकांनीं विचार करावा. तीं कारणें कोणीही खरीं मानलीं असतीं. परंतु मग नारायणाला आपल्या न येण्याचा अर्थ कळला नसता, आणि ज्या दुसऱ्यांना त्यांनीं नेम सांगून नकार दिला होता त्यांना वाटलें असतें कीं नेम परक्यांसाठीं आहे व सबबी घरच्यांसाठीं. नेम लग्न ठरण्यापूर्वींपासून सर्वांस ठाऊक होता, म्हणून नकार त्या वधूवरांवर ठपका ठेवीत नव्हता. आशीर्वादही म्हणूनच रिकामा वाटला नाहीं. ह्या नेमांत कठोरपणा नव्हता असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. बाप गेलेल्या मुलाच्या लग्नांत पितृस्थानीं असलेला मनुष्य नसावा, ही उणीव आशीर्वादाच्या पत्रानें भरून येते कीं काय याची आम्हांस शंका आहे. थोरांचा नेम लोक सहन करितात. आपल्यासारख्यानें तसाच नेम धरिला तर भाऊबंद त्याला ताठा म्हणतील.

आणि तो नेम पाळिला गेला म्हणूनच त्यांच्या होकाराला मोल आलें. आंध्रांतील गोरा ह्या नांवानें प्रसिद्ध असलेले रामचंद्रराव, जन्मानें ब्राह्मण व मतानें निरीश्वरवादी, यांची कन्या मनोरमा हिचें लग्न अस्पृश्य मानलेल्या समाजांतील अर्जुनराव यांच्याशीं ठरलें. तें सेवाग्रामीं आपण लावूं असें गांधीजींनीं मान्य केलें, व विधींत देवाच्या नांवाच्या जागीं सत्य हा शब्द घेण्यासही ते कबूल झाले. तें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. लग्न सेवाग्रामींच लागलें, परंतु 1948 च्या मार्चांत, त्यांच्या मृत्यूनंतर.

आमच्या वडनेरच्या बंधूचें कारण विवेकबुद्धीचें नव्हतें, पोटाचें होतें. म्हणून त्याला दुसरा प्रश्न होता: सगळें उघडें करून सांगणें त्याच्यावर बंधनकारक आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दार लोटून घेणें निराळें आणि दारावर खोटी पाटी लावणें निराळें. 'घरच्या अडचणीमुळें' एवढेंच लिहिलें तरी तें खरें आहे. परंतु मित्र जितका जवळचा तितकें झांकलेलें त्याला अधिक टोंचतें, हेंही त्यास सांगितलें. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्याला लिहितों. तो मला हंसणार नाहीं." पहिल्या खेपेस त्यानें चार कारणें लिहिलीं: पैसा, शेताचें काम, मोटारीची गर्दी, बायकोची कंबर. तीन आम्हीं खोडावयास लाविलीं. तीं खोटीं नव्हतीं, पण त्यांच्यांतलें एकही नसतें तरी तो गेला नसता; जें नाहींसें झालें असतां आपण निघालों असतों तेंच खरें कारण. पुढील दिवाळीस दुप्पट आहेर आणीन, असेंही त्यानें लिहिलें होतें. तेंही काढविलें, कारण दिवाळीचा कापूस अजून पेरलाही नव्हता. शेवटीं पत्र असें झालें:

"प्रिय भाऊ यांस सप्रेम सलाम. पत्रिका पोहोंचली. बाईचें लग्न ठरलें हें वाचून आम्हां दोघांस फार आनंद झाला. आमच्या घरीं लग्न होतें तेव्हां ती एवढीशी, वरातीपुढें दिवटी धरून चालली होती तें आठवलें. मला येतां येत नाहीं. कापसाचा पैसा कर्जांत गेला, आणि तुम्हीं आमच्या मुलीस जें दिलें त्याच्यासमोर रिकाम्या हातानें उभें राहावयास माझें मन धजत नाहीं. तुम्ही आहेर पाहणारे नाहीं हें मी जाणतों. हा माझा दुबळेपणा समजा. आमच्या चौघांची माणसें पंगतींत धरूं नका. लग्नाच्या वेळीं आम्ही घरीं दोघें गुडघे टेकून तिच्यासाठीं व जांवईबापूंसाठीं प्रार्थना करूं. ती पांढरकवड्यास नांदावयास जाईल तेव्हां मोटार वडनेरावरून जाते. दोघांस एक वेळ आमच्याकडे उतरवा. वहिनींस सलाम."

शेवटची विनंती त्याची स्वतःची. ती आम्हांस सुचली नव्हती. लग्नास अठरा दिवस होते तेव्हां पत्र टपालांत पडलें. उत्तर आलें नाहीं, व तो थोडा कष्टी होता. ज्येष्ठाच्या आरंभीं, पहिला पाऊस पडून गेल्यावर, दुपारच्या मोटारीनें मुलगी आणि जांवई वडनेरास उतरलीं. संध्याकाळच्या मोटारीपर्यंत राहिलीं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि आंब्याचा रस केला होता. आम्हांसही बोलावणें होतें. परंतु त्या दिवशीं हिंगणघाटास एक प्रेतक्रिया होती, आणि तसेंच कळवून आम्ही गेलों नाहीं.