श्वास तर चालू होता

सीओपीडीच्या रुग्णाला भरपूर ऑक्सिजन का देऊ नये? तोंडी परीक्षेत हा प्रश्न आला तेव्हा मला आतून गुदगुल्याच झाल्या, कारण उत्तर ओठांवर होतं. या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड कायम साठलेला असतो, मेंदूला त्याची सवय होते, मग श्वास घ्यायची प्रेरणा ऑक्सिजनच्या कमतरतेवरच चालते. ऑक्सिजन दिला की ती प्रेरणा जाते, श्वास मंदावतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो. परीक्षकांनी मान डोलावली. पुढचा प्रश्न आला नाही, याचंच मला जास्त बरं वाटलं.

हे उत्तर मला कधी समजलं होतं का? पाठ होतं, एवढं खरं. आणि पाठ असलेलं उत्तर समजलेल्या उत्तरासारखंच बाहेर पडतं, ही त्यातली सोय. समोरच्याला फरक कळत नाही. बोलणाऱ्याला तरी कळतो का?

इंटर्नशिपमध्ये मेडिसिनच्या वॉर्डात रात्रपाळी होती. आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या एक आजी धाप लागून आल्या होत्या. रक्तवायूंची तपासणी, म्हणजे एबीजी, आधीच झाली होती: पीएच 7.34, कार्बन डायऑक्साइडचा दाब 58, ऑक्सिजनचा 48. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर 84 दिसत होतं. त्या लाल आकड्याची मला भीती वाटली. मी मास्क लावून ऑक्सिजन 10 लिटरवर नेला. नियम माहीत नव्हता असं नाही. पण मनात म्हटलं, धोका श्वास मंदावण्याचा आहे ना? मग मी श्वास मोजत राहीन.

मोजलेही. मिनिटाला 24 होते, नंतर 22. ऑक्सिमीटर 99 वर गेला. आजी शांत झाल्या, डोळे मिटले. त्यांची नात म्हणाली, "मॅडम, आजी अशी झोपत नाही कधी." मी तिला तुटकपणे सांगितलं की रात्रभर जागल्यावर माणूस झोपणारच. खरं तर झोप मला हवी होती. आजी झोपल्या म्हणजे मलाही पाठ टेकता येणार होती. त्या मुलीचं म्हणणं मी रुग्णाबद्दलची माहिती म्हणून ऐकलंच नाही, झोपेतला अडथळा म्हणून ऐकलं.

रेसिडेंट मॅडम फेरीवर आल्या. त्यांनी आजींना हाक मारली, खांदा हलवला, आणि लगेच एबीजी घ्यायला लावली. पीएच 7.22, कार्बन डायऑक्साइड 82. मी मास्क ओढून काढायला हात पुढे केला, तर त्यांनी तो धरला. एकदम काढायचा नाही. शरीरात साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला बराच वेळ लागतो, तोवर तो वायुकोशांत ऑक्सिजनची जागा अडवून बसतो, आणि रक्तातला ऑक्सिजन पहिल्यापेक्षाही खाली जातो. त्यांनी 28 टक्क्यांचा व्हेंचुरी मास्क लावला, ऑक्सिमीटर 88 ते 92 मध्ये ठेवायला सांगितलं आणि बायपॅप मागवलं. मग मला विचारलं, "श्वास 22 आहे. तुझ्या हिशेबाने तो मंदावायला हवा होता. मग कार्बन डायऑक्साइड वाढला कुठून?"

माझा पहिला विचार आजींचा नव्हता. हे केसपेपरवर लिहिलं जाईल का, हा होता. दुसरा विचारही स्वतःबद्दलचाच: उत्तर तर बरोबर दिलं होतं, मार्क मिळाले होते! प्रश्न खरोखर डोक्यात शिरला तो आजी बायपॅपवर जाग्या होऊन नातीशी बोलू लागल्यावर.

फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. ऑयलर आणि लिलयेस्ट्रांड यांनी 1946 मध्ये हे मांजरांवरच्या प्रयोगात दाखवलं. कुशल पाटकरी जसा नापीक वाफ्याचं दार बंद करून पाणी पिकाकडे वळवतो, तसं फुप्फुस रक्ताला हवेशीर भागाकडे वळवतं. आजींची फुप्फुसं याच व्यवस्थेवर तगून होती. मी ऑक्सिजनचा लोट सोडला आणि सगळी दारं उघडली. रक्त पुन्हा कोंदट भागांकडे गेलं. तिथे आता ऑक्सिजन मिळत होता, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला वाट नव्हती. हवेशीर भागांत हवा खेळत होती, पण त्यांच्याकडे येणारं रक्त घटलं होतं. म्हणजे श्वास तेवढेच, पण त्यातले अधिक वाया जाणारे. मी वाया जाणारे श्वास मोजत बसले होते.

दुसरं कारण रक्तातलंच. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी वाहून नेतं, हे हाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1914 मध्ये मांडलं होतं. सुटलेला कार्बन डायऑक्साइड निरोगी माणूस थोडा जास्त श्वास घेऊन बाहेर टाकतो. ही ताकद आजींकडे उरलेली नव्हती.

आणि माझी ती 'प्रेरणा'? ती अगदीच खोटी नाही. 1980 मध्ये ओबिए आणि सहकाऱ्यांनी सीओपीडी बळावलेल्या रुग्णांना 15 मिनिटं शुद्ध ऑक्सिजन दिला. श्वसन सुरुवातीला घटलं, पण नंतर मूळ पातळीच्या 93 टक्क्यांपर्यंत परत आलं. तरी कार्बन डायऑक्साइडचा दाब सरासरी 23 ने वाढला होता. घटलेल्या श्वसनाच्या वाट्याला त्यातले पाचेकच येत होते. कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर नंतरही वाद झाले, आणि काही रुग्णांत श्वसन खरंच कमी होतं. पण ज्या एका कारणावर मी सगळा भार टाकला होता, ते एकटं एवढा भार उचलत नाही.

मला जास्त टोचतं ते पुढचं. माझ्या उत्तरातला 'काय करू नये' हा भाग बरोबर होता. 'का' चुकीचा होता, आणि 'का'मुळेच मी नियम मोडायची हिंमत केली. श्वासावर नजर ठेवली की झालं, ही सवलत मला त्या चुकीच्या कारणानेच दिली. मी डोळे उघडे ठेवून भलत्याच ठिकाणी पाहत होते; पाहायला हवी होती ती आजींची शुद्ध, हाकेला मिळणारा प्रतिसाद आणि एबीजी. नात तेच सांगत होती. मग दोष थकव्याचा म्हणू? थकले होते हे खरं. पण ताजीतवानी असते, तरी श्वासच मोजले असते, बहुधा अधिक काळजीपूर्वक.

पाठ केलेली अशी आणखी किती उत्तरं माझ्याजवळ आहेत, ज्यांचा शेवट बरोबर आणि मूळ चुकीचं आहे? ती ओळखायची कशी? सध्या मी एवढंच करते: उत्तर आठवलं की स्वतःला विचारते, हे कारण खरं असेल तर खाटेजवळ नेमकं काय बदललेलं दिसेल, आणि ते दिसलं नाही तर मी काय मानेन? बऱ्याचदा दुसऱ्या भागाला माझ्याकडे उत्तर नसतं. तिथून पुस्तक पुन्हा उघडावं लागतं, आणि ते उघडायचा कंटाळा अजूनही येतो.