कोयत्याचा हिशेब आणि बाईचं खातं

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या गावांत ट्रॅक्टर, ट्रक आणि मुकादमांची वर्दळ वाढते. ऊसतोडीला निघायचे दिवस जवळ आलेले असतात आणि याच काळात बचत गटांच्या बैठकाही घाईघाईने उरकल्या जातात, कारण पुढचे पाच-सहा महिने निम्म्या बायका गावात नसतात. अशा बैठकीत हल्ली एक भाषण हमखास ऐकू येतं. कधी ‘उमेद’ची सीआरपी ताई ते करते, कधी बँक सखी. वह्या मिटल्या, हप्ते जमा झाले की ती म्हणते, “गटाचं खातं झालं, आता तुमचं स्वतःचं काढा. महिन्याला शंभर टाका, पण तुमच्या नावावर टाका.”

ऐकायला साधं वाटणारं हे भाषण या जिल्ह्यात अवघड ठरतं, आणि त्याचं कारण ऊसतोडीच्या मजुरीत आहे. इथे मजूर मोजतात ते माणसांत नाही, कोयत्यात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, तोडलेला ऊस टनावर मोजतो तो कोयत्याच्या नावे, आणि हंगाम संपल्यावर उचल फिटली की नाही हा हिशेबही कोयत्याचाच. बाई पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते. पण तिची अशी वेगळी मजुरी कुठल्याच वहीत लिहिलेली नसते. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. त्यामुळे “स्वतःच्या नावावर टाका” असं ताई म्हणते, तेव्हा बाईपुढचा पहिला प्रश्न असतो, ‘टाकू काय? माझं म्हणावं असं आलंय कुठून?’

त्यातला काही भाग २०२४च्या जुलैपासून बदलला. ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिन्याचे १५०० रुपये बाईच्या स्वतःच्या, आधारला जोडलेल्या खात्यात येऊ लागले आणि खातं काढायला बँकांसमोर, पोस्टासमोर रांगा लागल्या. त्याआधी २०१४पासून जनधनची शून्य शिलकीची खाती होतीच. म्हणजे आज बैठकीत बसलेल्या बहुतेकींकडे खातं आहे. मग ताईचं भाषण जुनं झालं का? तसं नाही. फक्त ‘खातं काढा’ एवढ्यावर ते थांबलं, तर मात्र जुनं झालं म्हणायचं.

कारण खातं तिच्या नावाचं असणं आणि तिच्या ताब्यात असणं यांत बरंच अंतर पडतं. ते अंतर ओळखायच्या खुणा अगदी साध्या आहेत. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा? घरात एकच फोन असेल तर तो ‘मालकां’चा असतो. पैसे आल्याचा मेसेज त्यांना जातो, ओटीपी त्यांच्याकडे येतो. पासबुक कुणाच्या पेटीत आहे? एटीएम कार्डाचा पिन कुणाला पाठ आहे? खातं जोडीचं असेल, तर ते ‘दोघांपैकी कोणीही’ चालवू शकेल असं आहे का? तसं असेल तर एका सहीवर सगळी शिल्लक निघते आणि त्यात बेकायदा काहीच नसतं. शिवाय एक घोळ आधारचा. सरकारी पैसे आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. बाईने कुणाच्या सांगण्यावरून दुसरं खातं काढलं आणि तिथे आधार जोडलं, की पहिल्या पासबुकात पैसे दिसेनासे होतात. ती सहा महिने “माझे बंद झाले” म्हणत राहते आणि पैसे दुसरीकडे पडून असतात. माहेरच्या नावाचं आधार आणि सासरच्या नावाचं रेशन कार्ड ही अडचण तर वेगळी सांगायलाच नको.

ताबा हा मुद्दा किती खोल जातो हे मध्य प्रदेशात झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांचे गट पाडून हे तपासलं. त्यांचा निबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला. काहींना नुसतं खातं काढून दिलं. काहींची मजुरी थेट त्या खात्यात वळवली आणि खातं कसं वापरायचं हेही थोडक्यात शिकवलं. नुसत्या खात्याने फारसा फरक पडला नाही. जिथे खातं, थेट मजुरी आणि शिकवणं ही तिन्ही एकत्र आली, तिथल्या बायका अधिक काम करू लागल्या, रोजगार हमीवर आणि बाहेरही. पैसा आपल्या हाती राहणार हे कळल्यावर कामाला जाण्यातला अर्थ बदलला, असं त्यातून दिसतं. कोयत्याच्या हिशेबात नेमकं थेट मजुरीचं हे मधलं पाऊल नाही.

गट असताना वेगळं खातं कशाला, असा प्रश्न बैठकीतली एखादी जुनी सभासद विचारतेच. तो चुकीचा नाही. दर महिन्याला सगळ्यांसमोर शंभर रुपये ठेवायचे आहेत, हा धाक गटाची खरी ताकद. तो नसता तर कित्येकींची बचत झालीच नसती. पण गटातली बचत तिची असली तरी मोकळी नसते. दहा जणींचे दरमहा शंभर म्हणजे वर्षाला बारा हजार, आणि ते फिरत असतात: एकीच्या बाळंतपणाला, दुसरीच्या बी-बियाण्याला. खातं गटाच्या नावाचं, सह्या अध्यक्ष-सचिवांच्या. मध्येच लागले म्हणून आपली बचत उचलता येत नाही. कर्ज मागावं लागतं, आणि ते कशाला हवं हे सगळ्यांसमोर सांगावं लागतं. काही गरजा अशा असतात की त्या दहा जणींत सांगवत नाहीत. त्या बायकांना चांगल्या माहीत असतात, इथे त्यांची यादी नको.

आता शंभर रुपयांचं बघू. बँक सखी बहुधा पोस्टाची आरडी सुचवते, आणि या बायकांसाठी ती निवड योग्य वाटते. महिन्याला किमान १०० रुपये, मुदत पाच वर्षं. ६.७ टक्के दराने ६,००० भरले की मुदतीअखेर सुमारे ७,१३६ मिळतात. म्हणजे पाच वर्षांत अकराशेच्या आसपास व्याज. एवढ्याने कुणी श्रीमंत होत नाही, आणि भाषणात तसं भासवूही नये.

खरी अडचण व्याजाची नाही, हंगामाची. आरडी दर महिन्याला भरायची असते आणि ही बाई कार्तिकापासून चैत्रापर्यंत कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात फडावर पालात राहते. हप्ता चुकला की शंभरामागे महिन्याला एक रुपया दंड. तो परवडतो. पण चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं, आणि पुढच्या दोन महिन्यांत थकलेलं भरलं नाही तर पुढे त्यात पैसे टाकता येत नाहीत. फडावरून परतेपर्यंत ती मुदत टळायच्या बेतात आलेली असते. कित्येक आरड्या अशाच अर्ध्यावर अडकतात आणि मग “पोस्टात पैसे अडकले” असा बोभाटा होतो.

यावर पोस्टाच्या नियमातच तोड आहे, फक्त ती भाषणात क्वचित येते. हप्ते आगाऊ भरता येतात. सहा महिन्यांचे एकदम भरले तर शंभरामागे दहा रुपये सूट मिळते, बारा महिन्यांचे भरले तर चाळीस. म्हणजे निघण्याआधी ५९० रुपये पोस्टात ठेवले की सहा महिने दंडाची काळजी नाही, खातं चालू. हे पैसे येणार कुठून? उचलीतून. हंगामाच्या सुरुवातीला घरात एकरकमी पैसा येतो तो त्याच वेळी, आणि तो वाण्याच्या उधारीत, लग्नाच्या देण्यात विरून जायच्या आत सहाशे रुपये बाजूला काढणं हे महिन्या-महिन्याला शंभर काढण्यापेक्षा सोपं. उचलीतला निम्मा घाम तिचाच असताना त्यातून सहाशे मागणं फार नव्हे. पण मागावं लागतं, आणि ते ताईच्या भाषणाने आपोआप होत नाही. गावातल्या आरडी एजंट ताईकडून पैसे भरले तर तिच्या कार्डावर सही झाली म्हणून थांबू नये. परत आल्यावर पासबुकात सहाही हप्त्यांची नोंद आहे का ते बघावं. कार्ड आणि पासबुक जुळलं नाही तर त्याच दिवशी पोस्टमास्तरांना विचारावं.

इथे हिशेबी माणूस हटकेल. गटाचं अंतर्गत कर्ज पुष्कळ ठिकाणी महिना दोन टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला चोवीस. डोक्यावर ते असताना ६.७ टक्क्यांची आरडी करणं हा शुद्ध तोटा. आधी कर्ज फेडा. गणित बिनचूक आहे. सावकाराचं किंवा महिन्याला त्याहून महाग असलेलं देणं असेल तर हाच सल्ला द्यायला हवा. तरीही बायका कर्ज फेडत फेडत थोडं बाजूला टाकतात, आणि त्यांना गणित येत नाही असं समजणं हा आपला गैरसमज. कर्ज घराचं असतं, फेडायला सगळं घर असतं. बचत मात्र तिची. आरडीत बारा हप्ते भरून झाले की शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. म्हणजे अडचणीच्या वेळी कुणापुढे हात न पसरता उचलता येईल असा पैसा तिच्याकडे राहतो. तोटा सोसून ती ही सोय विकत घेत असते. त्यात अडाणीपणा काही नाही. आरडीआधी बचत खात्यात पाचशे-हजार मोकळे राहू द्यावेत, एवढी पुस्ती मात्र जोडायला हवी. त्याच खात्यातून मे महिन्यात २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा कापला जातो, आणि शिल्लक नसेल तर तो विमा गुपचूप तुटतो. फडावर अपघात काही दुर्मीळ नाहीत.

बैठकीच्या शेवटी कुणीतरी विचारतं, अमक्या मल्टिस्टेटमध्ये व्याज जास्त मिळतं, तिथे का नको? बीड जिल्ह्यात हा प्रश्न गेल्या काही वर्षांत फार महाग पडला आहे. जादा व्याज देणाऱ्या पतसंस्थांनी दारं लावली आणि आयुष्यभराच्या ठेवी आत राहिल्या, अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पोस्टातल्या पैशामागे केंद्र सरकार उभं असतं. पतसंस्थेला, मग तिचं नाव कितीही भारदस्त असो, हा विमा लागू नाही. पाटी चकचकीत, आत गारवा, मॅनेजर नात्यातला, या गोष्टींवरून संस्था ओळखता येत नाही. “तुमच्याकडे ठेव विमा आहे का?” एवढंच विचारायचं. आहे म्हणाले तर कागद मागायचा. अडीचशे रुपयांपासून म्युच्युअल फंडाची एसआयपी सुरू करता येते, हेही हल्ली भाषणांत येऊ लागलं आहे. ते खोटं नाही, पण पुढच्या वर्षी लेकीच्या लग्नाला लागणारा पैसा तिथे ठेवायचा नसतो, कारण बाजार खाली असेल तेव्हाच नेमका तो काढायची वेळ येऊ शकते. पाच वर्षांची आरडी न तुटता पुरी केलेल्या बाईने हा प्रश्न पुन्हा विचारावा. पहिल्या वर्षी तिने पासबुक, फोन नंबर आणि सहा आगाऊ हप्ते एवढंच सांभाळलं तरी बँक सखीला पुढच्या दसऱ्याला वेगळं भाषण करावं लागेल.