कधीच न भेटलेली जनुकं

खेचर वांझ का असतं, असं विचारलं की शाळेतलं उत्तर आठवतं: घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराची 63, म्हणून जोड्या जुळत नाहीत. उत्तर खोटं नाही, पण त्यामुळे प्रश्न फार लवकर मिटल्यासारखा वाटतो. फळमाशीच्या मेलॅनोगास्टर आणि सिम्युलन्स या प्रजाती घ्या. गुणसूत्रांच्या जोड्या दोघींच्याही चारच, आणि रूप इतकं सारखं की त्यांच्या माद्या ओळखताना जाणकारही चकतात. तरी 1920 मध्ये आल्फ्रेड स्टर्टव्हंट यांनी मेलॅनोगास्टरची मादी आणि सिम्युलन्सचा नर यांचा संकर केला, तेव्हा फक्त मुली जगल्या आणि त्याही वांझ निघाल्या. मुलगे कोशातून बाहेर पडण्याआधीच मेले.

या कोड्यानं डार्विनलाही छळलं होतं. 1859 च्या ग्रंथात त्यानं संकरावर एक पूर्ण प्रकरण खर्ची घातलं. अडचण त्याची स्वतःची होती: नैसर्गिक निवड फायद्याचं तेवढं राखते, मग वांझपण तिनं कसं घडवलं? वांझपण हे निवडीचं उद्दिष्ट नव्हे, इतर बदलांच्या ओघात आलेला तो परिणाम आहे, असं त्याचं म्हणणं. दिशा बरोबर होती. पण तो परिणाम घडतो कसा, हे सांगायला त्याच्याकडे जनुकाची कल्पनाच नव्हती.

कल्पना हाती आल्यावर गणिताची अडचण पुढे आली. समजा, एकाच जनुकाच्या दोन रूपांचं मिश्रण घातक आहे. मग नवं रूप पहिल्यांदा ज्या जिवात उगवेल, तोच मिश्र असणार आणि तोच आजारी पडणार. नवं रूप पसरेल कसं?

विल्यम बेटसन यांनी 1909 मध्ये, डार्विन-शताब्दीच्या ग्रंथातल्या लेखात, यातून वाट काढली होती: दोष एका जनुकात शोधू नका, दोन जनुकांच्या भेटीत शोधा. पण त्या ओळी कुणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. थिओडोसियस डोब्झान्स्की 1930 च्या दशकात आणि हर्मन मुलर 1940 च्या सुमारास स्वतंत्र वाटेनं तिथंच पोचले. श्रेय त्या दोघांच्या नावावर जमा झालं; बेटसनचा लेख पुन्हा उजेडात आला तो 1996 मध्ये.

युक्ती साधी आहे. एका मूळ कुळाच्या दोन शाखा दोन खोऱ्यांत गेल्या. एकीकडे 'अ' जनुक बदललं, दुसरीकडे 'ब'. बदललेला 'अ' जुन्या 'ब'सोबत नीट नांदतो, बदललेला 'ब' जुन्या 'अ'सोबत. कुठल्याही पिढीत कुणी आजारी पडत नाही. फक्त नवा 'अ' आणि नवा 'ब' कधी एका देहात आलेले नाहीत, म्हणून त्यांचं जमतं का, याची परीक्षा झालेली नाही. ती पहिल्यांदा संकरात होते. मला या विचाराचं मोल वाटतं ते इथं: यात सदोष जनुक कुठंच नाही. यातून एक हिशेबही निघतो. दहा बदल झाले की जोड्या 45 होतात, वीस झाले की 190. प्रत्येक जोडी घातक नसते, पण बिघाडाची शक्यता काळापेक्षा वेगानं वाढते.

पण हे कागदावर झालं. खरी जनुकं सापडली ती स्टर्टव्हंटच्याच माश्यांत. 1979 मध्ये वातानाबे या जपानी संशोधकाला सिम्युलन्सचे असे नर सापडले, की त्यांच्यापासून झालेले संकरित मुलगे जगत. 1987 मध्ये मेलॅनोगास्टरमध्येही तसाच बदल मिळाला. ही दोन जनुकं म्हणजे 'लीथल हायब्रिड रेस्क्यू' आणि 'हायब्रिड मेल रेस्क्यू'. जनुकशास्त्रज्ञ जनुकाला त्याच्या बिघडलेल्या रूपावरून नाव देतात, त्यामुळे मारणाऱ्या जनुकांची नावं 'वाचवणारी' झाली आहेत! बिघडली की मुलगे वाचतात, धडधाकट असली की मरतात. 2006 मध्ये दोन्हींचा मेळ दाखवला गेला: मेलॅनोगास्टरचं एक आणि सिम्युलन्सचं दुसरं, अशी ही घातक जोडी. आपापल्या घरी दोघांची प्रथिनं एकत्र बसून जीनोममधल्या उड्या मारणाऱ्या, सतत आपल्या प्रती काढणाऱ्या तुकड्यांना गप्प ठेवतात. ते तुकडे बदलत राहतात, म्हणून राखणदारांनाही बदलावं लागतं. दोन शाखा इतक्या लवकर परक्या का झाल्या, याचं हे एक संभाव्य कारण आहे.

तरी हिशेब पुरा जुळेना. सिम्युलन्सचं ते जनुक एकटंच मेलॅनोगास्टरमध्ये घातलं, तर माशी मरत नाही. म्हणजे आणखी कुणीतरी सामील होतं. 2015 मध्ये नितीन फडणीस, हर्मीत मलिक आणि सहकाऱ्यांनी सिम्युलन्सच्या नरांत मुद्दाम उत्परिवर्तनं घडवली, मेलॅनोगास्टर माद्यांशी त्यांचा संकर केला आणि चुकून जगलेले मोजके मुलगे वेचून त्यांचे जीनोम वाचले. त्यांत सिम्युलन्सचं एकच जनुक वारंवार बिघडलेलं आढळलं: 'जीएफझेडएफ', पेशीविभाजनाच्या नियंत्रणातलं. संकरित अळीत पंख-पाय घडवणाऱ्या पेशींचं विभाजन खुंटतं, ते याच्याशी जुळतं.

दोन जनुकांची ती नेटकी गोष्ट आता तिघांची झाली आहे. आणि यांतलं एक निकामी करून मुलगे जगवले, तरी ते वांझच राहतात. त्या वांझपणाला जबाबदार असलेली जनुकं वेगळी आहेत.