'बाबांना ऐकू येतंय का?'



गेल्या हिवाळ्यात इथे ब्रिटनमध्ये माझ्या एका मित्राचे वडील हॉस्पिसमध्ये अखेरच्या अवस्थेत होते. दोन दिवस त्यांनी डोळे उघडले नव्हते, हाकेला ओ नव्हती. धाकटा मुलगा नागपुरात व्हिसाची वाट पाहत अडकलेला. व्हिडिओ कॉलवर त्याने नर्सला विचारले, "बाबांना माझं ऐकू येतंय का?"

आपण तिच्या जागी असतो तर काय म्हणालो असतो? 'हो, त्यांना सगळं कळतंय' म्हटले की मुलाला धीर येतो. पण हे नर्सला माहीत नसते, आणि 'नाही' म्हणण्याइतकेही माहीत नसते. २०२० मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हॉस्पिसमधील मरणासन्न, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांना ध्वनी ऐकवून मेंदूतील विद्युत लहरी तपासल्या. काहींच्या मेंदूने निरोगी माणसांसारखाच प्रतिसाद दिला. मात्र त्यांना शब्दांचा अर्थ कळत होता का, हे त्यातून ठरवता आले नाही.

ती नर्स एवढेच म्हणाली, "ते उत्तर देऊ शकणार नाहीत. ऐकू येत असेल असं धरूनच आम्ही त्यांच्याशी बोलतो. किती कळतं, ते मला सांगता येणार नाही. तुम्ही बोला." तिने फोन उशीशी धरला. मुलाने अंगणातल्या पेरूला यंदा किती फळं लागली ते सांगितले. अंत्यविधीच्या खर्चाचे बोलणे मात्र खोलीबाहेर करा, असे तिने आम्हाला हळूच सुचवले.

अशा वेळी आणखी एक वाक्य हमखास कानावर येते: 'ते तुमच्यासाठीच थांबलेत.' बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण व्हिसा आलाच नाही तर? बाबा थांबले आणि मी पोहोचलो नाही, हे ओझे मुलगा जन्मभर वाहील. रात्रभर उशाशी बसून नेमका चहाला उठलेला मुलगा म्हणेल, माझंच चुकलं. कोणाला माहीत नसलेल्या गोष्टीची शिक्षा त्यांना भोगावी लागेल.

मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात भगवान बुद्ध वाणीची कसोटी सांगतात. जे असत्य आणि अहितकर, ते ऐकणाऱ्याला कितीही प्रिय असले तरी तथागत बोलत नाहीत. जे सत्य आणि हितकर, ते प्रिय असो वा अप्रिय, योग्य वेळ पाहून बोलतात. नर्सच्या 'असेल'मध्ये सत्य होते, 'तुम्ही बोला'मध्ये हित होते, आणि वेळही तीच होती. खोट्या 'हो'ची गरजच पडली नाही.

पहाटे वडील गेले. व्हिसा आला नव्हता. परवा फोनवर धाकटा म्हणाला, "त्यांनी ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. पण मी बोललो, एवढं मला माहीत आहे."

भवतु सब्ब मंगलं.