सेमीफायनल आणि इंग्रजीचा पेपर

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम आणि बोर्डाची परीक्षा दरवर्षी एकमेकांच्या अंगावर येतात. थंडीत केएसए लीग, पाठोपाठ उन्हाळ्यापर्यंत नॉकआउट स्पर्धा, आणि 12वीचे पेपर नेमके फेब्रुवारीत. एका तालमीच्या संघात विंगला खेळणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराची सेमीफायनल इंग्रजीच्या पेपरच्या आदल्या दिवशी आली. यंदा परीक्षाच सोडतो, असं त्यानं जाहीर केलं. घरच्यांनी त्याला मामाकडे धाडलं. मामा एकेकाळी शाहू स्टेडियमवर सेंटर हाफ खेळलेला, आता शाळेत क्रीडाशिक्षक.

"पुरवणी परीक्षा असतीया की मामा. सेमीफायनल परत येणार न्हाई."

"खरं हाय. पण ती सेमीफायनल कुठल्या वाटंवर हाय? तुला आयएसएल खेळायचंय न्हवं?"

पोरगा गप्प. मामानं मुद्दा सोडला नाही. आयएसएलच्या क्लबांना या वयाचा खेळाडू हवा असला, तर ते त्याला आधी वयोगटाच्या लीगमध्ये आणि अकादमीच्या संघांत शोधतात. रिलायन्स फाउंडेशनची 21 वर्षांखालची डेव्हलपमेंट लीग त्यासाठीच आहे. पेठेची सेमीफायनल जिंकली तर चौकात फटाके फुटतील, पण तेवढ्यानं अकादमीचं दार उघडत नाही. म्हणजे पोरगा ज्याला परीक्षा विरुद्ध करिअर म्हणत होता, ते खरं तर परीक्षा विरुद्ध पेठ होतं.

"पण भरलेल्या स्टेडियमात खेळायचं दडपण अकादमीत कुठं मिळतंय?" पोरानं परतवलं.

हे मामाला मान्य करावं लागलं. इथल्या गॅलरीतली शिवी पचवलेला पोरगा बाहेर सहसा बिचकत नाही. फक्त ते धडे मार्च-एप्रिलमध्येही मिळतात.

मग पोरानं हुकमाचं पान काढलं. "दुसरा रस्ता हाताशी ठेवला की माणूस पयल्यावर जीव लावत न्हाई. आपला अनिकेत जाधव बघा."

"बघूया की." कोल्हापूरचा अनिकेत पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, पुढं 2017 च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. प्रबोधिनीत सकाळ-संध्याकाळ सराव असतो, पण मधल्या वेळेत शाळाही असते. "आणि सगळं पणाला लावून हरलेली पोरं तुला ठावं न्हाईत, कारण त्यांच्या बातम्या छापत न्हाईत."

गुडघ्याचं लिगामेंट फाटलं तर सात-आठ महिन्यांहून अधिक काळ जातो, हे पोरालाही माहीत होतं. मामाला काळजी होती ती वेगळी. पुण्यातच पुणे एफसी बंद पडला, डीएसके शिवाजीयन्स गेला, 2019 मध्ये एफसी पुणे सिटीही गेला. 2025 च्या जुलैत आयएसएलचा पुढचा हंगामच लटकला आणि ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीनं पगार थांबवले. त्या खेळाडूंचे गुडघे तर धडधाकट होते! आदल्या हंगामात लीगमध्ये तेरा संघ. एका संघात पंचवीसेक भारतीय धरले, तरी साऱ्या देशात सव्वातीनशेच्या आसपास जागा, आणि बहुतेक आधीच भरलेल्या.

"मग खेळाडू कोट्यातून नोकरी," पोरगा म्हणाला.

इथं बऱ्याच घरांची गफलत होते. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्य स्पर्धांचीच प्रमाणपत्रं चालतात आणि क्रीडा खात्याकडून त्यांची पडताळणी होते. तालमीची ढाल तिथं कामाची नाही. शिवाय पदाची शैक्षणिक अट तशीच राहते. पोलिस शिपाई व्हायचं तरी 12वी लागतेच. सोडलेला पेपर या वाटेवरही आडवा येणार होता.

तेव्हा मामानं वहीचं पान फाडून हिशेब मांडला. पेपर संपेपर्यंत सामने बंद. रोज पाऊण तास धावणं आणि चेंडूवर हलका सराव, जेणेकरून दम टिकेल. कला शाखेत पास व्हायला 35 टक्के लागतात, पण बीएला चांगलं कॉलेज हवं तर साठाच्या पुढं. कॉलेजात प्रवेश घेतला की आंतरविद्यापीठ स्पर्धेची वाट मोकळी. अठरा पूर्ण झाली की फुटबॉल महासंघाचा डी लायसन्स प्रशिक्षक कोर्स, म्हणजे शाळांच्या संघांवर चार पैसे मिळू लागतील. जूनपासून अकादम्यांच्या निवड चाचण्या.

"आणि विसाव्या वर्षापर्यंत कुठल्याच क्लबानं घेतलं न्हाई, तर फुटबॉल संध्याकाळी."

"विसाव्या का? डेव्हलपमेंट लीग एकवीसपर्यंत हाय म्हणालासा."

मामानं विसाचे एकवीस केले. सेमीफायनलबद्दल मात्र तोड निघेना. शेवटी पोरानं मॅनेजरला फोन लावून पहिल्या अकरातून नाव काढायला सांगितलं. राखीव म्हणून बाकावर बसू का, हे त्यानं मामाला विचारलंच नाही.