बारा शर्ट की वीस?

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, पण त्यांचे गणवेश शिवायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात झालेली असते. सोलापुरात गणवेश शिवणारे लहानमोठे कारखाने पुष्कळ आहेत. अशा एखाद्या कारखान्यात आपण उभे राहिलो आणि ‘इथं शर्ट कोण शिवतं?’ असं विचारलं, तर उत्तर देणाऱ्याची पंचाईत होईल. एक जण खिसे लावतो, दुसरा खांदे जोडतो, तिसरी बाई बाह्या लावते, चौथा कॉलर करतो. शर्ट मात्र कुणीच शिवत नाही, आणि संध्याकाळी शर्टांची थप्पी तर समोर दिसते.

अ‍ॅडम स्मिथनं १७७६ साली ‘द वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये टाचणीच्या कारखान्याचं उदाहरण दिलं. दहा माणसं टाचणीची कामं वाटून घेतात आणि दिवसाला ४८ हजार टाचण्या करतात. तीच माणसं सुटीसुटी बसली असती, तर प्रत्येकाच्या वीससुद्धा झाल्या नसत्या, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून कामाची वाटणी म्हणजे वेग, हे समीकरण आपण पाठ करून बसलो आहोत. शिवणकामाच्या कारखान्यात ते एवढं सरळ नसतं.

आकडे घालूनच पाहू. अर्ध्या बाहीचा शाळकरी शर्ट. कापड बेतून तयार आहे असं धरा. खिसा आणि पुढची पट्टी ३ मिनिटं, खांदे २, कॉलर ५, बाह्या ३, दोन्ही बाजूंची टीप २, खालची दुमड २ आणि काज-बटण ३. बेरीज २० मिनिटं. पण एकटा शिंपी हे सगळं करेल तर त्याला अर्धा तास लागेल. कारण मधे मशीन बदलायचं, रीळ बदलायचं, पुढचा तुकडा शोधायचा, हात नव्या कामाला बसवायचा. म्हणजे तासाला दोन शर्ट. सात शिंपी सुटे बसले, तर तासाला चौदा.

आता याच सात जणांना सात कामं वाटून देऊ. मधला सगळा वेळ वाचला. मग तासाला किती शर्ट? फक्त बारा.

कारण कॉलर. कॉलरवाल्याला एका शर्टाला ५ मिनिटं लागतात, म्हणून तासाला बाराच कॉलरी लागतात आणि बाराच शर्ट पुढं सरकतात. खांदे जोडणाऱ्यानं तासाला तीस जोड दिले तरी ते कॉलरवाल्याच्या मागं गठ्ठ्यानं पडून राहतात. त्याच्या पुढची बाह्यांची बाई दर शर्टामागे दोन मिनिटं नुसती बसून असते. वाटणी केली आणि सुट्या शिंप्यांपेक्षाही मागं पडलो! अनुभवी मास्तर हे घड्याळ न लावता ओळखतो. मशीनांच्या रांगेतून फिरताना तो माणसांकडे पाहत नाही, ढिगांकडे पाहतो. ज्याच्या डाव्या हाताला ढीग वाढतोय आणि ज्याच्या पुढचा मोबाइल बघतोय, तिथं काम अडलेलं आहे.

नवा मालक अशा वेळी कॉलरवाल्यावर ओरडतो. जाणता मालक कॉलरचं काम फोडतो. बकरम लावून दोन पदर शिवायचे, उलटवून टोकं काढायची, वरून टीप मारायची, हे एकाकडे, ३ मिनिटं. तयार कॉलर गळ्याला बसवायची, हे दुसऱ्याकडे, २ मिनिटं. एक माणूस वाढला, आठ झाले. आता सगळ्यात लांब काम ३ मिनिटांचं उरलं, म्हणून तासाला वीस शर्ट. आठ सुट्या शिंप्यांचे सोळा झाले असते. एका माणसानं बाराचे वीस केले, पण तो नेमका तिथं बसला म्हणून. तोच माणूस खिशावर बसवला असता तर बाराचे बाराच राहिले असते.

इथवरचं गणित शिकता येतं. त्यापुढची अडचण अशी, की सुटे तुकडे शेवटी एकमेकांना बसायला हवेत.

एका शिंप्याच्या हातात हा प्रश्न येतच नाही. तो खांदे जोडतो, गळा मोजतो आणि कॉलर त्या गळ्याच्या मापानं उरकतो. गळा जरा लहान झाला असेल तर कॉलरही तेवढी लहान होते. कारखान्यात मात्र खांदे जोडणाऱ्यानं टिपेत एक सूत कापड जास्त घेतलं, तर प्रत्येक खांद्यावर दोन्ही तुकड्यांचं मिळून दोन सूत गेलं. दोन खांद्यांचं चार सूत, म्हणजे गळा अर्ध्या इंचानं आवळला. तिकडे कॉलर करणाऱ्यानं दोन्ही टोकांना एकेक सूत कमी दाबलं, तर कॉलर पाव इंचानं वाढली. पाऊण इंचाचा फरक! दोघांपैकी कुणाचंही काम हातात घेऊन पाहिलं तर चूक म्हणावी असं काही दिसत नाही. ती दिसते तिसऱ्याला, कॉलर बसवणाऱ्याला. तो पीसवर काम करणारा. उसवत बसला तर त्याची मजुरी बुडते. म्हणून तो गळा थोडा ताणतो, कॉलर थोडी चुण्या घालून मारतो आणि शर्ट पुढं ढकलतो. असा शर्ट पहिल्या धुण्यानंतर मानेपाशी वेडावाकडा दिसतो.

यावर उपाय माणसाच्या बोटांत नसतो, कटिंगच्या टेबलावर असतो. तिथं कापडाचे थरावर थर पसरतात आणि मशीनच्या उभ्या पात्यानं एकदम कापतात. कापतानाच कडेला लहान खाचा देतात : गळ्याच्या मध्याला एक, कॉलरच्या मध्याला एक. त्या जुळल्या तर काम बरोबर, नाही जुळल्या तर थांबायचं. प्रत्येक तुकड्याला थराचा नंबर चिकटवतात, कारण दोन ताक्यांच्या पांढऱ्यात किंवा आकाशीत बारीक फरक असतो. सतराव्या थराची कॉलर अठराव्या थराच्या अंगावर गेली, तर ट्यूबलाइटखाली कळत नाही, शाळेच्या मैदानात उन्हात कळतं. पूर्ण शर्ट ठाऊक असलेला कटिंग मास्तर आपलं ज्ञान अशा खाचांत आणि चिठ्ठ्यांत ठेवून देतो. बाकीच्यांनी खाच जुळवली की पुरे.

हेच या बाकीच्यांचं दुबळेपणही आहे. पाच वर्षं नुसते खिसे लावलेल्या कारागिराचा हात विजेसारखा चालतो, पण जुलैत ऑर्डरी ओसरल्यावर गल्लीतल्या टेलरकडे त्याला कोण ठेवणार? तिथं गिऱ्हाईक एक शर्ट घेऊन येतं, आणि ज्याला तो एक शर्ट पुरा जमतो त्यालाच काम मिळतं. स्मिथनं हे दोन्ही ओळखलं होतं. बाजार जेवढा मोठा तेवढीच कामाची वाटणी करता येते, हे त्यानं लिहिलं. आणि आयुष्यभर दोन-चार साध्या हालचालीच करणाऱ्या माणसाची बुद्धी बोथट होते, हेही त्याच पुस्तकात पुढं लिहिलं. टाचणीची गोष्ट सगळे सांगतात, ही दुसरी सहसा कुणी सांगत नाही.

कारखान्याला मात्र सगळं येणारा एक तरी माणूस लागतोच. कॉलर बसवणारा सोमवारी आला नाही, तर वीस शर्टांची रांग पहिल्या दोन तासांतच खोळंबते. त्या जागी बसायला, दुपारी काजाच्या मशीनवर जायला, संध्याकाळी बाह्यांचा ढीग उपसायला जो लागतो, त्याला सगळ्या पायऱ्या याव्या लागतात. त्याला पीसवर ठेवता येत नाही, कारण रोज निराळ्या कामावर त्याचे पीस कमीच भरणार. त्याला महिन्याचा पगार द्यावा लागतो, आणि जुलैत बाकीच्यांना सुटी दिली तरी मालक त्याला सोडत नाही.