शेऱ्यात पुढचे काम हवे

‘मुद्दा अपूर्ण.’ तपासलेल्या उत्तराखाली हा शेरा आणि शेजारी तीनपैकी एक गुण. पालक विचारायला आले किंवा मुख्याध्यापकांनी वही मागवली, तर दोन गुण का कापले याचे उत्तर शिक्षकाकडे तयार असते. विद्यार्थ्याच्या हाती मात्र काहीच पडत नाही. कोणता मुद्दा, तो कसा पुरा करायचा आणि कधी, हे त्याला कळलेले नसते. तो गुण पाहतो आणि वही मिटतो.

एक उत्तर घेऊ. प्रश्न आहे, मातीच्या माठातले पाणी थंड का राहते? मुलीने लिहिले आहे : ‘माठाला बारीक छिद्रे असतात. त्यातून पाणी झिरपते व त्याचे बाष्पीभवन होते, म्हणून पाणी थंड राहते.’ यात चूक एकही नाही, पण बाष्पीभवन झाल्यावर पाणी गार का व्हावे, हे ती सांगत नाही. बाष्पीभवनाला उष्णता लागते आणि ती माठातल्या पाण्यातून घेतली जाते, हा मधला दुवा सुटला आहे. हेच वाक्य शिक्षकाने लाल शाईत लिहून दिले, तर ती ते उतरवून घेईल आणि विचार करणे तिथेच थांबेल. त्याऐवजी असे लिहिता येते : ‘छिद्रे आणि बाष्पीभवन, दोन्ही बरोबर. बाष्पीभवनाला लागणारी उष्णता कुठून येते? ते सांगणारे एक वाक्य “म्हणून”च्या आधी घाल. मग पावसाळ्यात माठातले पाणी उन्हाळ्यासारखे गार का होत नाही, ते तीन ओळींत लिही.’

या शेऱ्यातले शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. पहिली दुरुस्ती याच उत्तरापुरती आहे. पावसाळ्याच्या प्रश्नात मुलीला कारणांची तीच साखळी नव्या ठिकाणी चालवून पाहावी लागते. हवा दमट, म्हणून बाष्पीभवन मंद, म्हणून पाण्यातून उष्णता कमी जाते. ‘पावसाळ्यात हवाच थंड असते’ एवढेच तिने लिहिले, तर मधला दुवा अजून जुळलेला नाही हे शिक्षकाला लगेच दिसते.

पण त्याच वर्गात तेच उत्तर लिहिणाऱ्या दुसऱ्या मुलाला बाष्पीभवनाला उष्णता लागते हेच ठाऊक नसेल. ‘उष्णता कुठून येते’ हा प्रश्न त्याला अडवून ठेवेल. त्याच्या वहीत लिहावे : ‘हाताला थोडे पाणी लावून फुंकर मार. काय जाणवले ते लिही आणि मग माठाकडे ये.’ माहीत असून लिहिले नाही की मुळात माहीतच नाही, हे वहीवरून नेहमी कळत नाही. वही परत देताना एक तोंडी प्रश्न विचारावा लागतो.

गुणांची एक अडचण आहे. इस्रायलमधल्या संशोधक रूथ बटलर यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेली मुले जवळपास फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. म्हणून सरावाच्या कामावर आधी शेरा द्यावा आणि दुरुस्ती झाल्यावर गुण. वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकेला हे लागू नाही. तिथे पुढचे काम करायला वेळच उरलेला नसतो.

महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि त्याबरोबर वर्णनात्मक नोंदी आल्या. मुलाला गुणापलीकडे काही कळावे, हा हेतू चांगला होता. पण ‘वाचनाचा सराव आवश्यक’, ‘मुद्देसूद लिहावे’ अशा तयार नोंदी उतरवल्या जाऊ लागल्या. मुद्देसूद लिहा म्हटल्यावर मूल बुचकळ्यात पडते, कारण आपण मुद्देसूदच लिहिले असे त्याला वाटत असते. अशी नोंद कोणाच्याही नावापुढे चालते, यावरूनच ती निकामी आहे हे ओळखावे. शेरा वाचून, कोणालाही काही न विचारता मुलाला पेन उचलता आले पाहिजे.

पन्नास-साठ वह्यांवर इतके लिहायचे कधी, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. पण एका प्रश्नातल्या उणिवा साठ प्रकारच्या नसतात, बहुतेक चार-पाचच असतात. प्रत्येक उणिवेसाठी एक शेरा नीट विचार करून तयार करावा, त्याला क्रमांक द्यावा, वहीत फक्त क्रमांक टाकावा आणि शेरे फळ्यावर लिहावेत. वेळ वाचतो तो दुरुस्तीला द्यावा. वह्या परत केल्या त्याच तासाला दहा मिनिटे मुलांनी शेऱ्यात सांगितलेले काम करावे आणि शिक्षकाने वर्गात फिरून ते पाहावे. ही दहा मिनिटे नसतील, तर उत्तम शेराही वाया जातो. मुख्याध्यापकांनी ती वेळापत्रकात धरावीत आणि वह्या तपासताना शेऱ्याखाली मुलाने काय लिहिले, तेही पाहावे.